साठ पोती, दोन मॅट्रिक्स आणि एक थरथरणारा माळा

सांगलीजवळच्या कुपवाडच्या हळदीच्या शेडमध्ये मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा माळा अजिबात हलत नव्हता. शेठ ओशाळले. म्हणाले, "साहेब, आत्ता रिकामा आहे म्हणून. माल चढला की बघा, पाण्याचा ग्लास ठेवता येत नाही."

दोन मजली लोखंडी माळा. खालच्या मजल्यावर हळदीची पोती रचायची, वरच्या मजल्यावर चाळण. चाळण मिनिटाला तीनशे वेळा आडवी मागे-पुढे होते आणि हळकुंडं जाडीप्रमाणे वेगळी करते. म्हणजे सेकंदाला पाच धक्के, ५ हर्ट्झ. हरिपूरच्या जुन्या पेवांसारखी साठवण जमिनीच्या पोटात असती तर मला कुणी बोलावलंच नसतं. पण इथे माल डोक्यावर आणि यंत्र त्याच्याही डोक्यावर.

माळा भरलेला असताना परत गेलो. चाळण बंद करायला लावली, वरच्या मजल्याच्या तुळईवर फोन ठेवला, त्यातलं धक्के मोजणारं ॲप चालू केलं आणि एका हमालाला सांगितलं, खांबाला खांदा लावून एकदा जोरात रेट आणि सोड. आलेखावर पाच सेकंदांत पंचवीस शिखरं मोजली. चाळणीचा वेग आणि माळ्याची स्वतःची डुलण्याची गती एकच. आठवडाभराने माल गेल्यावर तेच केलं तर पाच सेकंदांत तीसच्या आसपास शिखरं आली. शेठचं म्हणणं बरोबर होतं. खांब तेच, तुळया त्याच, फक्त वजन बदललं आणि माळा चाळणीच्या तालातून बाहेर पडला.

कडकपणा एकीकडे आणि वजन दुसरीकडे अशा दोन वेगळ्या मॅट्रिक्स का लिहायच्या, हे मला कॉलेजात कळलं नव्हतं ते त्या शेडमध्ये कळलं. परीक्षेत कडकपणाची K, वजनाची M आणि डुलण्याचा आकार φ घेऊन Kφ = λMφ लिहायचो आणि मनात म्हणायचो, M उगाच लटकलाय, भागून टाका की.

मॉडेल अगदी साधं घेतलं. प्रत्येक मजला म्हणजे एक वजन, मजल्यांमधले खांब म्हणजे आडव्या स्प्रिंगा. खालचा मजला स्वतः १ टन आणि त्यावर पन्नास किलोची साठ पोती म्हणजे ३ टन, एकूण ४००० किलो. वरचा मजला चाळणीसकट १००० किलो. खांबांच्या 12EI/h³ वरून, पायथ्याचे बोल्ट पूर्ण घट्ट नाहीत हे धरून आणि आकडे गोल करून, खालच्या मजल्याचा कडकपणा ६० लाख न्यूटन प्रति मीटर आणि वरच्याचा २० लाख आला. मग:

```
import numpy as np
K = 1e6 * np.array([[8., -2.], [-2., 2.]])
M = np.diag([4000., 1000.])
w, V = np.linalg.eig(np.linalg.inv(M) @ K)
```

उत्तर आलं १००० आणि ३०००. λ म्हणजे ω², तेव्हा वर्गमूळ काढून 2π ने भागलं की ५.०३ आणि ८.७२ हर्ट्झ. ५.०३ म्हणजे मिनिटाला ३०२. चाळण ३०० वर. M मधले ४००० काढून रिकाम्या मजल्याचे १००० टाकले तर पहिली वारंवारता ५.९४ झाली. फोनवरचे दोन्ही आकडे जुळले. विश्रामबागेत ऑफिसखाली जाऊन चहा घेतला आणि तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण शेठना आकडा हवा होता, माळा किती मिलिमीटर हलतो आणि उपाय केल्यावर किती हलेल. म्हणजे चाळणीचा धक्का दोन मोडमध्ये, माळ्याच्या डुलण्याच्या दोन स्वतःच्या आकारांत, वाटायचा, प्रत्येकाचं उत्तर काढायचं आणि बेरीज करायची. धक्का मी ६०० न्यूटन धरला. त्याला मजल्यांच्या वजनांनी भागलं आणि मोडमध्ये वाटायला V च्या इन्व्हर्सऐवजी सवयीने V चा ट्रान्सपोज घेतला, कारण आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब असतात हे डोक्यात पक्कं बसलेलं. तपासायला म्हणून आधी सोपा प्रश्न सोडवला. चाळण धक्का न देता ६०० न्यूटनने नुसती ढकलत उभी राहिली तर माळा किती सरकेल? मोडच्या वाटेने उत्तर आलं, खाली ०.१६ मिमी आणि वर ०.६४ मिमी. थेट Kx = F सोडवलं तर ०.१० आणि ०.४०.

दोन्हीकडे नेमकी १.६ पट चूक. चूक इतकी सारखी असल्यामुळे मी दोन तास एककं तपासत बसलो. किलो, टन, न्यूटन, किलोग्रॅमचं बल, सगळं उलटंपालटं केलं. एककं बरोबरच होती.

शेवटी कॉलेजातल्या आमच्या सरांना फोन केला. आता निवृत्त आहेत, फोनवर आधी पावसाची चौकशी होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दोन्ही मोडचा डॉट प्रॉडक्ट काढ बघू, कागदावर."

पहिला मोड, खालचा मजला १ सरकला तर वरचा त्याच बाजूला २. दुसरा मोड, खालचा १ तर वरचा उलट दिशेला २. म्हणजे (1, 2) आणि (1, −2). डॉट प्रॉडक्ट १ वजा ४, म्हणजे वजा ३. शून्य नाही. लंब नाहीतच.

"आता प्रत्येक पदाला त्या मजल्याच्या वजनाने गुण."

४००० गुणिले १ गुणिले १, अधिक १००० गुणिले २ गुणिले वजा २. चार हजार वजा चार हजार. शून्य.

"अरे, त्यांचा काटकोन वजनाच्या मापाने आहे. तू तो नुसत्या गुण्याने मोजतोयस."

M ला K च्या बाजूला ढकललं तेव्हा काय झालं ते मग लख्ख दिसलं. K सममित आहे, M सममित आहे, पण M⁻¹K मध्ये वरच्या कोपऱ्यात वजा ५०० आणि खालच्या कोपऱ्यात वजा २०००. सममिती गेली. वारंवारतांना त्याने काही बिघडलं नाही, म्हणून तर मी फसलो. मोडचे आकार, म्हणजे १ ला २ हे प्रमाणही बरोबरच होतं. बिघडली ती त्यांची लांबी मोजण्याची पट्टी. `np.linalg.eig` ने प्रत्येक मोडची साधी लांबी १ केली आणि मी V चा ट्रान्सपोज तिचा इन्व्हर्स समजून वापरला.

सरांनी फोनवरच एक गोष्ट करून घेतली, ती अजून वहीत आहे. प्रत्येक पदाला दोन्ही बाजूंच्या वजनांच्या वर्गमुळांनी भागायचं. ८० लाख भागिले ४००० म्हणजे २०००. वजा २० लाख भागिले ४००० आणि १००० यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे भागिले २०००, म्हणजे वजा १०००. शेवटचं २० लाख भागिले १०००, २०००. मॅट्रिक्स झाली २०००, −१०००, −१०००, २०००. सममित. तिचे आयगेनव्हेक्टर (1, 1) आणि (1, −1), हे मात्र चांगले शाळेतल्यासारखे लंब. आयगेनव्हॅल्यू १००० आणि ३०००, त्याच. M कर्णावरच असेल तर एवढंच पुरतं. तशी नसेल तर वर्गमुळाच्या जागी M चे LLᵀ असे चोलेस्की तुकडे पाडायचे, बाकी कृती तीच. आत हेच करणारं फंक्शन तयार आहे:

```
from scipy.linalg import eigh
lam, Phi = eigh(K, M)
```

यातून आलेल्या मोडची वजनाची लांबी १ असते, म्हणजे ΦᵀMΦ ही एकक मॅट्रिक्स आणि ΦᵀKΦ मध्ये कर्णावर १००० आणि ३०००. हे दोन गुणाकार मी आता प्रत्येक कामात छापून बघतो. पुन्हा ६०० न्यूटनची बेरीज केली. पहिला मोड खाली ०.१५, वर ०.३०. दुसरा मोड खाली −०.०५, वर +०.१०. एकूण ०.१० आणि ०.४०. जुळलं. आणि एक गोष्ट समजली, वरच्या ०.४० पैकी ०.३० पहिल्या मोडचे आहेत आणि रिझोनन्समध्ये फुगतात ते हेच. अवमंदन दोन टक्के धरलं तर वीस-पंचवीस पट, म्हणजे वर सात मिलिमीटर. ग्लास का राहत नाही ते कळलं. माझ्या पहिल्या हिशोबाने ते अकरा झाले असते आणि शेठनी पट्टी लावून मला खोटं पाडलं असतं.

आता उपाय. चाळणीचा वेग कमी करायला शेठ तयार नव्हते, हळकुंडं नीट सुटत नाहीत म्हणाले. फॅब्रिकेशनवाले मिस्त्री म्हणाले, "हलतंय वर, मग क्रॉस वरच मारू की. खाली पोती रचायला आडवं येतंय." म्हणणं सरळ होतं आणि मलाही पटलं होतं. कारण मी कागदावर एक झटपट अंदाज केला होता. जुना मोड आकार तसाच राहील असं धरायचं, नव्या कडकपणामुळे φᵀKφ किती वाढतं ते बघायचं आणि φᵀMφ ने भागायचं. रेलेचा भागाकार म्हणतात तो हाच. क्रॉस अँगलची एक जोडी आडवा कडकपणा ६० लाखांनी वाढवते असं धरलं होतं. पहिल्या मोडमध्ये खालच्या मजल्याचा सरक १ आणि वरच्याचा खालच्याच्या तुलनेत सरकही १. म्हणजे क्रॉस कुठेही मारा, अंदाज तोच: ६० लाख भागिले ८०००, म्हणजे ७५० ची वाढ, λ होणार १७५०. दोन्ही जागा सारख्याच तर मग मिस्त्रींच्या सोयीची निवडावी.

वर मारायचं ठरवण्याआधी खरोखर सोडवून बघितलं.

खाली क्रॉस: λ = १५००, मिनिटाला ३७०. वर क्रॉस: λ = ११६१, मिनिटाला ३२५.

चाळण ३०० वर असताना ३२५ म्हणजे आगीतून फुफाट्यात. झटपट अंदाजाने १७५० सांगितलं होतं ते दोन्हीकडे खोटं, पण एकीकडे फार जास्त खोटं. कारण माळा शहाणा असतो. वर क्रॉस मारला की तो वरचा भाग वाकवणं सोडून देतो आणि सगळं डुलणं खालच्या कमकुवत खांबांवर ढकलतो. जुना आकार तो धरून ठेवत नाही. वर अगदी काँक्रीटची भिंत बांधली तरी काय होईल? दोन्ही मजले मिळून ५ टनाचा एकच गोळा खालच्या ६० लाखांवर डुलेल, λ = १२००, मिनिटाला ३३१. त्याच्या वर जाताच येणार नाही. रेलेचा भागाकार पहिली आयगेनव्हॅल्यू कधी कमी दाखवत नाही, नेहमी बरोबर किंवा जास्तच दाखवतो. म्हणजे आपल्याला हवी ती बातमी वाढवून सांगणारा माणूस. ओळखीचा असला तरी तपासून घ्यावा असा.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं नाही. लाकडी पट्टीला खाली एक रबराचा तुकडा आणि वर एक असं लावून वरचा चिमटीत घट्ट धरला आणि पट्टी हलवून दाखवली. म्हणाले, "खालचा ढिला तर वरनं काय उपयोग." झालं.

दोन्ही मजल्यांवर एकेक जोडी मारायचं ठरलं. त्याने λ = २२२८, मिनिटाला ४५१. चाळणीचे ३०० त्याच्या दोन-तृतीयांशावर. फुगवटा पावणेदोन पटीच्या आसपास आणि वरचा सरक पाव मिलिमीटरच्या आत.

मधे अजून एक खोळंबा झाला, तो माझ्याच नीटनेटकेपणामुळे. खालच्या क्रॉसचा अँगल दोन तुकड्यांत येणार होता, मधे त्यांना जोडणारी गसेट प्लेट. ड्रॉइंगमध्ये तिथे बिंदू होता म्हणून मी मॉडेलमध्येही बिंदू घातला. दोन तुकडे, प्रत्येकी १२० लाख कडकपणाचे, आणि गसेटचं वजन? घातलंच नाही. M च्या कर्णावर तिसरी जागा शून्य. चालवल्याबरोबर तक्रार आली: `leading minor of order 3 of B is not positive definite`.

तक्रार रास्त होती. B म्हणजे दुसरी मॅट्रिक्स, इथे M. चोलेस्कीला वर्गमुळाने भागायचं असतं आणि तिसऱ्या जागी शून्य. त्या बिंदूला वजन नाही, म्हणून त्याची स्वतःची डुलण्याची गती अनंत. मी पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक जण करतात, 1e-12 किलो वजन टाकलं. तक्रार गेली. पण तिसरी λ आता 2.4e19 झाली. संगणक सोळाएक अंक सांभाळतो आणि या पद्धतीत अचूकतेची हमी सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या मापाने मिळते. तिथे शेवटच्या अंकाची हलचलच हजारांत, आणि मला हवा आकडा १५००. उत्तर बरोबर आलं तरी ते नशिबाने. एक किलो टाकलं असतं तर λ अडीच कोटीच्या आत राहिली असती आणि काही बिघडलं नसतं, गसेटचं खरं वजनही त्याच पट्टीतलं.

मी मात्र दुसरी वाट घेतली. मॅट्रिक्सची जागा बदलली:

```
mu, Phi = eigh(M, K)
```

आता दुसऱ्या जागेवर K आहे. माळा जमिनीत रोवलेला आहे, तेव्हा K पॉझिटिव्ह डेफिनिट आहेच. उत्तरात λ ऐवजी 1/λ येतात. फक्त खालचा क्रॉस असलेल्या मॉडेलसाठी आलं 0, 1/4000 आणि 1/1500. अनंत गती असलेला बिंदू गुपचूप शून्य होऊन बसला. फक्त क्रम उलटा झालेला असतो, सगळ्यात मंद मोड शेवटी येतो, आणि मोडची लांबी K च्या मापाने १ असते, M च्या नाही. हे विसरलं की १.६ चं भूत नव्या रूपात परत येतं. बिंदू हाताने काढून टाकला तरी तेच मिळतं, १२० लाखांच्या दोन स्प्रिंगा एकामागे एक म्हणजे ६० लाखांची एक. मी तेही करून बघितलं, १५०० च आले. हीच युक्ती ट्रकच्या हौद्यासारख्या मोकळ्या वस्तूला लागत नाही. ती जमिनीत रोवलेली नसल्यामुळे तिची K शून्याला टेकते आणि तिथे उलट M वरच भिस्त ठेवावी लागते.

क्रॉस बसले. वरची जोडी मिस्त्रींनी एका दिवसात मारली. खालच्या जोडीला चार दिवस लागले, कारण पोती हलवायची कुणी यावर हमाल आणि शेठ यांच्यात बोलणी चालली होती. साठ पोती परत रचल्यावर फोन ठेवला, त्याच हमालाने त्याच खांबाला खांदा लावला. पाच सेकंदांत छत्तीस शिखरं, ७.२ हर्ट्झ. हिशोब ७.५ चा होता. गसेटचे बोल्ट भोकांत थोडे सरकत असणार, मिस्त्रींना ते वेल्ड करायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, केलं की नाही ते मी बघितलेलं नाही.

चाळण चालू केली. शेठनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून तुळईवर ठेवला. पाण्यावर बारीक वलयं होती, बस.

"मग साहेब, आता आणखी वीस पोती चढवली तर चालतील?"

लॅपटॉप उघडाच होता. M मध्ये ४००० च्या जागी ५००० टाकले. मिनिटाला ४१६. त्यात बोल्टांची सरक धरली तर ४०० च्या आसपास. "ऐंशीपर्यंत ठीक आहे. शंभर केलीत तर ३८८ वर येतं, तेही बोल्ट घट्ट असतील तर. मग मला विचारल्याशिवाय नको." शेठनी मिस्त्रींना हाक मारली आणि खालच्या खांबावर लाल रंगाने ८० लिहून घेतलं.

परवा दुसऱ्या कामाला तिकडून जात होतो, म्हणून आत डोकावलो. ८० च्या शेजारी कुणीतरी खडूने ९० केलं होतं.